वाचनसोबती म्हणून पालकांना बोलवायचं असेल तर

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात 27 मुलं, त्यातली नऊ अडखळत वाचतात. पालकांनी शाळेत येऊन मुलांचं वाचन ऐकावं म्हणून ग्रुपवर दोनदा आवाहन केलं. अंगठे बरेच आले, प्रत्यक्ष कोणी आलं नाही. पत्र कसं लिहावं? आणि आलेल्यांना नेमकं काय करायला सांगावं?

उत्तर:

ताई, मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षाच्या पट्ट्यात बावीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवते आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं पालक वर्गात येऊन मुलांजवळ बसतात. पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'मुलांच्या वाचनासाठी पालकांनी सहकार्य करावे.' शेवटी चार-पाच आयांना घरी जाऊन विचारलं, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून कारण कळलं. एक म्हणाली, 'मॅडम, मी सातवी शिकले, मी काय शिकवणार?' दुसरीला वाटलं होतं की रोज यावं लागेल. तिसरीच्या डोक्यात होतं की शाळेत बोलावलंय म्हणजे वर्गणी असणार. यायची इच्छा सगळ्यांना होती, पण आपण नेमकं काय मागतोय हे पत्रातून कुणालाच समजलं नव्हतं. म्हणून तुमचं पत्र आधी या तीन भीतींना उत्तर देणारं हवं: शिक्षण किती लागतं, वेळ किती जातो, आणि पैसे द्यावे लागतात का.

काही गोष्टी तुमच्या गावावर ठरतील. आमच्याकडे सप्टेंबरअखेर गोडी छाटणी सुरू झाली की बायका सकाळी सातलाच मळ्यात असतात, म्हणून मी जुलै ते सप्टेंबरचा मध्य एवढीच मुदत मागते. तुमच्याकडे ऊसतोडीचे किंवा भातलावणीचे दिवस असतील, त्याप्रमाणे धरा. वेळही तशीच. आमच्याकडे धाकट्याला अंगणवाडीत सोडायला आया साडेदहाला येतातच, म्हणून मी परिपाठ संपल्यावरची 11 ते 11.25 ही वेळ घेतली. दुपारी बोलावलं असतं तर एकही आली नसती. आणि मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडल्याशिवाय सुरुवात करू नका. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी होकार दिला की 'अमकीच बाई रोज शाळेत का जाते' असली चर्चा गावात सुरू होत नाही.

माझं पत्र असं असतं. हाताने लिहून झेरॉक्स काढते आणि मुलाच्या हातात न देता शक्यतो स्वतः देते:

'नमस्कार. आपल्या तिसरीच्या वर्गातल्या काही मुलांना मोठ्याने वाचायला रोज कोणीतरी ऐकणारं हवं आहे. एकट्या शिक्षकाला एवढ्या मुलांजवळ बसता येत नाही. त्यासाठी मला सहा वाचनसोबती हवे आहेत. आई, वडील, आजी, आजोबा, काकू, कोणीही चालेल. आठवड्यातून एकच दिवस, मंगळवार किंवा शुक्रवार, सकाळी 11 ते 11.25. एकूण दहा आठवडे. काम एवढंच: एका मुलाशेजारी बसायचं, ते वाचेल ते ऐकायचं, अडलं तर शब्द सांगायचा. शिकवायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही. मराठी सावकाश वाचता आलं तरी पुरे. वाचता येत नसेल तरी एक काम आहे, मला भेटा. पैसे लागत नाहीत, मिळतही नाहीत. सुरू करण्याआधी एकदा 40 मिनिटं बसून काम समजावून सांगेन. यायचं असेल तर खालच्या चिठ्ठीवर वाराला खूण करून पाठवा. या वेळी जमत नसेल तर मुळीच संकोच नको.'

यात 'सहा' हा आकडा मुद्दाम आहे. 'सर्व पालकांनी' असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जातील. सहा म्हटलं की वाचणारा मनात मोजतो, आपण त्यात बसू का. 'दहा आठवडे' यासाठी की कामाला शेवट आहे हे कळलं की माणूस हो म्हणतो. माझ्याकडे सहा मागितल्यावर पाच आले, त्यात एक आजोबा. नऊ मुलांना पाच माणसं कमी वाटतील, पण मी सगळ्या नऊ मुलांना सोबती देतच नाही. का, ते सांगते.

सोबती देण्याआधी प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून एक ओळखीचा नसलेला सोपा परिच्छेद वाचायला द्या. ज्याला अजून अक्षरंच ओळखू येत नाहीत किंवा काना-मात्रा लावता येत नाहीत, त्याला पालकाशेजारी बसवून वाचायला लावणं म्हणजे त्याची फजिती करणं आहे. त्याला तुमचीच गरज आहे, अक्षरगट आणि स्वरचिन्हं शिकवायला. पालक त्याच्यासाठी फक्त पुस्तक वाचून दाखवू शकतात. वाचनसोबतीचा खरा उपयोग मधल्या मुलांना होतो. ही मुलं शब्द वाचतात, पण एकेक शब्द सोडवत वाचतात, त्यामुळे वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असतात. तुमच्या नऊमधली अशी पाच-सहा निघतील. या मुलांना नवं काही शिकवायचं नसतं. त्यांना आठवड्यात जास्तीत जास्त वेळा मोठ्याने वाचायला मिळायला हवं, आणि 27 मुलांच्या वर्गात नेमकं तेच मिळत नाही. म्हणून सोबती पुरतील तेव्हा मी एका मुलाला दोन्ही वारांना सोबती देते, माणूस वेगळा असला तरी चालतं.

आता काम काय द्यायचं. थांबायचं, सुचवायचं, शाबासकी द्यायची, अशी एक पद्धत न्यूझीलंडमध्ये 1970 च्या दशकात पालकांसाठीच तयार झाली. मी तीच मराठीला जुळवून वापरते. एक उदाहरण घेते, कारण प्रशिक्षणातही मी हेच करून दाखवते.

फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: 'ससा गवतात लपला. हिरव्या पात्यांआड त्याचे कान दिसत होते.' मग मीच मूल होते आणि वाचते, 'ससा गावात लपला.' समोर बसलेल्या आया लगेच ओरडतात, 'गवतात, गवतात!' इथेच मी थांबवते. वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प राहायचं. मुलाने चुकीचं वाचलं तरी त्याने अर्थाचं काहीतरी वाचलं आहे, ससा गावातही लपू शकतो. पुढच्या वाक्यात हिरवी पाती आली की बऱ्याच मुलांना आपणहून खटकतं आणि ती मागे जातात. ही मागे जाण्याची सवय लागणं हीच खरी कमाई आहे. मध्येच बरोबर शब्द ओरडून सांगितला, तर मूल पुस्तकाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. ते मागे गेलंच नाही, तर दोन्ही वाक्यं संपल्यावर विचारायचं, 'ससा कुठे लपला? परत बघ बरं.' बस, एवढंच.

दुसरा प्रसंग मूल अडून बसण्याचा. समजा, शब्द आला 'कोल्ह्याला'. मूल 'को… को…' करून थांबतं. मनात सावकाश पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात आलं तर उत्तम. नाही आलं तर सरळ सांगायचं, 'कोल्ह्याला.' मुलाने तो शब्द म्हणायचा आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचायचं. 'क ला ओकार को, ल अर्धा, ह…' असं फोडून घ्यायचं नाही. हे आयांना सगळ्यात जड जातं, कारण त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. त्यांना वाटतं, शब्द सांगणं म्हणजे मुलाला फसवणं. मी समजावते की जोडाक्षर शिकवायचं काम माझं आहे, ते मी वर्गात करेन. तुम्ही शब्द फोडायला बसलात तर तोवर कोल्ह्याला काय झालं ते मूल विसरून जाईल. फक्त तो शब्द वहीत लिहून ठेवा, तेवढं मला पुरे.

तिसरी गोष्ट बोलीची. आमच्याकडची मुलं 'पाणी' समोर दिसत असताना 'पानी' वाचतात, 'आणि' ला 'आनि' म्हणतात, 'होता' ला 'व्हता'. हे चूक धरायचं नाही. मुलाने अक्षर ओळखलं, अर्थ धरला आणि तो आपल्या घरच्या तोंडाने उच्चारला. पण 'पाणी' चं 'पणी' वाचलं तर तो काना सुटला आहे, तिथे परत वाचायला सांगायचं. हा फरक नीट समजावून सांगा. नाहीतर शुद्ध बोलणारी एखादी आई मुलाला दर ओळीला तीनदा थांबवते आणि मूल तोंड उघडायचंच बंद करतं.

शाबासकीही नेमकी हवी. नुसतं 'छान, छान' म्हटलं की मुलाला कळत नाही कशाबद्दल. 'तू मागे जाऊन स्वतः दुरुस्त केलंस' असं म्हणायला शिकवा.

वाचता न येणाऱ्या पालकांसाठीचं काम मी फार जपते, कारण आमच्या पहिल्या पाचांतली एक आजी निरक्षर होती आणि मुलं तिच्याकडे जायला भांडायची. वाचून झालेली गोष्ट मूल तिला सांगायचं. ती ऐकायची आणि प्रश्न विचारायची, 'मग म्हातारीने काय केलं? का गं केलं तसं?' सांगता आलं नाही तर मूल पुस्तकात शोधायचं. अर्थ लागला की नाही, हे याहून साध्या रीतीने कळत नाही. तिच्या वहीत मूल स्वतः तारीख टाकायचं आणि ती अंगठ्याऐवजी एक फूल काढायची.

40 मिनिटांच्या बैठकीत मी भाषण देत नाही. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाच्या हातात दुसरीचं पाठ्यपुस्तक देते, ते उलटं धरायला सांगते आणि तसंच मोठ्याने वाचायला लावते. चांगली शिकलेली माणसंही अक्षर अक्षर लावत वाचतात, ओळ चुकते, शेजारच्याने शब्द सांगितला की राग येतो. मग विचारते, काय वाचलंत त्याचा अर्थ सांगा. बहुतेकांना सांगता येत नाही. मुलाला रोज काय होतं हे त्यांना या दहा मिनिटांत कळतं. त्यानंतर सशाचं उदाहरण, मग जोड्या करून एकाने मूल व्हायचं, एकाने सोबती, आणि मी फिरत राहते. शेवटी ही चिठ्ठी हातात देते. पुठ्ठ्यावर चिकटवलेली असली की दहा आठवडे टिकते:

'मुलाच्या समोर नको, शेजारी बसा. पुस्तक मुलाच्या हातात.
चूक झाली तर वाक्य संपेपर्यंत थांबा.
अडलं तर मनात पाच मोजा, मग शब्द सांगा, वाक्य परत वाचू द्या.
बोलीतला उच्चार चालेल.
एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक बदला.
15 मिनिटं वाचन, 5 मिनिटं गोष्टीवर गप्पा, मग वहीत एक ओळ: तारीख, पुस्तक, अडलेले शब्द.
मुलाला रागावू नका, दुसऱ्याशी तुलना करू नका, मारायचं तर अजिबात नाही.
कोण कसं वाचतं हे शाळेबाहेर बोलू नका. फोटो काढू नका.
यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा.'

शाळेबाहेर न बोलण्याबद्दल मी बैठकीत प्रत्येकाकडून तोंडी शब्द घेते. लहान गावात 'अमक्याच्या पोराला वाचता येत नाही' ही बातमी पाणवठ्यावर पोहोचली की ते घर कायमचं दुखावतं. आमच्याकडे एकदा हे झालं आहे आणि ते मूल दोन आठवडे शाळेत आलं नाही. तसंच, कुणालाही स्वतःच्या मुलाशेजारी बसवायचं नाही. आईची अपेक्षा आणि मुलाचा हट्ट दोन्ही मध्ये येतात. बसायची जागा वर्गाचा कोपरा किंवा उघडा व्हरांडा, जिथे तुम्हाला सगळे दिसतील. बंद खोलीत मुलासोबत एकटं कोणी बसणार नाही, हा नियम ओळखीच्या माणसालाही लागू ठेवा, म्हणजे कुणाला वाईट वाटायचा प्रश्न येत नाही.

पुस्तकं पाठ्यपुस्तकातली नकोत. ते धडे मुलांना ऐकून पाठ असतात, त्यामुळे वाचतात की म्हणून दाखवतात ते कळत नाही. शाळेच्या पेटीत गोष्टींची पातळ पुस्तकं असतील ती काढा. कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या मोफत छापून घेता येतात. पहिल्या दोन पातळ्यांच्या वीसेक गोष्टी एका खोक्यात ठेवल्या की दहा आठवडे पुरतात.

नीट चाललंय की नाही हे लांबूनही कळतं. सोबत्याचा आवाज मुलाच्या आवाजापेक्षा मोठा येत असेल तर तो शिकवायला लागला आहे. दोघांचे आवाज एकत्र येत असतील आणि मुलाचा किंचित मागून, तर सोबती वाचतो आहे आणि मूल नुसतं ओढलं जातंय. मूल ओळीकडे न बघता सोबत्याच्या चेहऱ्याकडे बघत असेल तर 'बरोबर का?' हे विचारण्याची सवय लागली आहे. अशा वेळी मी तिथल्या तिथे बोलत नाही. जाताना व्हरांड्यात थांबवून म्हणते, 'काकू, आज पाच मोजायचे राहिले बघा.'

एका मुलीचं सांगते, सुमी म्हणू. तिसरीच्या जुलैत ती नवीन परिच्छेदातले मिनिटाला 19 शब्द बरोबर वाचत होती. प्रत्येक शब्दावर बोट, प्रत्येक शब्दानंतर श्वास. पहिले तीन आठवडे आकडा हललाच नाही आणि सोबत असलेले आजोबा खट्टू झाले. मी वही चाळली तर अडलेल्या शब्दांत जवळजवळ सगळे ह जोडलेले: कोल्हा, म्हातारी, कुऱ्हाड, उन्हात. वर्गात मी तीन दिवस तेवढेच शब्द घेतले. सहाव्या आठवड्यात तिने एकच गोष्ट हट्टाने चार वेळा वाचली. आजोबा कंटाळले, पण मी त्यांना म्हटलं, वाचू द्या तिला, कारण ओघ तसाच येतो. दहाव्या आठवड्यात नवीन परिच्छेदात मिनिटाला 38 शब्द झाले. निपुण भारतमध्ये तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 बरोबर शब्द धरले आहेत, त्या मानाने ती मागेच होती. पण बोट सुटलं होतं आणि पूर्णविरामाला ती थांबत होती. हा 60 चा आकडा पालकांना मी कधी सांगत नाही. सांगितला की ते घड्याळ घेऊन बसतात आणि मूल अर्थ सोडून पळायला लागतं. मोजणी तीन आठवड्यांतून एकदा, फक्त मी करते.

त्याच वर्षी एका मुलाच्या बाबतीत दहा आठवड्यांत काहीच हाती लागलं नाही. सोबतीला बसणाऱ्या वहिनींनी वहीत लिहिलं होतं, 'पुस्तक नाकाजवळ धरतो.' आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा मी त्याला पहिला उभा केला, चष्मा लागला. म्हणून वहीत शब्दांखेरीज काही वेगळं दिसलं तर तेही लिहायला सांगा: ओळ सुटते, डोळे चोळतो, एका कानानेच ऐकतो. आणि ती वही त्याच दिवशी वाचा. सोबत्याने लिहिलेलं दुसऱ्या वेळेपर्यंत कुणी पाहिलंच नाही असं त्याला दिसलं की तो पुढे लिहीत नाही, आणि थोड्या दिवसांनी येतही नाही.

तुम्ही जिथे अडलात तिथे परत जाऊन सांगायचं तर, ग्रुपवरचं आवाहन आता थांबवा. आधी नऊ मुलांना एकेकटं वाचायला लावून पाच-सहा निवडा. मग पत्र घेऊन दहा घरी जा, त्यातले पाच येतील. ज्या दिवशी एखादा सोबती येणार नाही त्या दिवसासाठी चौथीतलं एखादं चांगलं वाचणारं मूल आधीच ठरवून ठेवा, त्यालाही तोच पुठ्ठा द्या. मुलगा किंवा मुलगी चटईवर पुस्तक उघडून बसलेली आणि शेजारची जागा रिकामी, असं एकदाही होऊ देऊ नका.